मदत हवी आहे: बिनतेलाच्या सॅलडमधलं गाजर-टोमॅटो अंगी लागतं का?

दांडियाबाजारची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला असतो. सासऱ्यांचं कोलेस्ट्रॉल वाढलंय म्हणून डॉक्टरांनी दिवसाला तीन चहाचे चमचे तेल बांधून दिलंय. तिन्ही चमचे दुपारी डाळ-भाजीतच संपतात. रात्री सात वाजता नुसतं ताटभर सॅलड: किसलेलं गाजर, टोमॅटोच्या फोडी, काकडी, थोडा चिरलेला पालक, वर लिंबू-मीठ. पोळी नाही, भाजी नाही. झोपताना कपभर साय काढलेलं दूध, बस.

आता नणंद म्हणते की तेलाचा थेंब नसेल तर त्या गाजर-टोमॅटोतलं मुख्य जे काही, ते तसंच बाहेर जातं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं कोशिंबिरीला फोडणी देत आले ते उगीच नव्हतं!" सासरे मात्र एक थेंबही वाढवायला तयार नाहीत. खरं काय? दुपारी पोटात गेलेलं तेल रात्रीच्या सॅलडला उपयोगी पडतं का? आणि टोमॅटो कच्च्यापेक्षा शिजवलेला चांगला म्हणतात, तर आमचं टोमॅटोचं सार चालेल का? ते बिनतेलाचं असतं आणि गाळून घेतो.

मांजलपूरकर
तेल बदला. शेंगदाण्याचं सिंगतेल बंद करून ऑलिव्ह ऑइल आणा, कच्चंच वरून घाला. परदेशात सगळे तेच करतात. आणि टोमॅटो शिजवूनच द्या, शिजवला की त्यात लायकोपीन, म्हणजे त्याचा लाल रंग, जास्त तयार होतं. गाजर आणि टोमॅटो दोन्हींतून अ जीवनसत्त्व मिळतं, म्हणजे डोळ्यांचंही काम होऊन जाईल.

फतेगंजचा_भाऊ
फिल्टर तेल की रिफाइंड, हे आधी सांगा. आमच्याकडे घाण्याचं आणतो, डब्यामागे बरीच बचत होते. हवा असेल तर पत्ता देतो.

दांडियाबाजारची_सून
भाऊ, कुठलं तेल घ्यावं हा प्रश्नच नाही, घ्यावं की नाही हा आहे 🙂

निवृत्त_मास्तरीण
मी इथेच सयाजीराव विद्यापीठात फूड्स अँड न्यूट्रिशन शिकले आणि पुढे शिकवलंही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नणंदबाईंचं बरंचसं बरोबर आहे. घरीच बघा: किसलेलं गाजर एका वाटीत पाण्यात आणि दुसऱ्या वाटीत कोमट तेलात घालून तासभर ठेवा. पाणी गढूळ होतं, पण कीस खाली बसला की जेमतेम रंग उरतो. तेल मात्र केशरी होतं. हा रंग म्हणजेच बीटा-कॅरोटीन, आणि त्याची सोयरीक फक्त तेलाशी. पालकातलं ल्युटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन याच जातीचं.

आतड्यात तर सगळा पाण्याचाच कारभार. तिथे हा रंग पार व्हायचा तर आधी तो स्निग्धात विरघळायला हवा, मग पित्तरसाने त्या स्निग्धाचे अतिसूक्ष्म कण करायला हवेत. ते कण आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतात, रंग आत शिरतो. आता मुद्द्याची गोष्ट: पित्ताशय आकुंचन पावून पित्तरस सोडतं ते आतड्यात स्निग्ध पदार्थ आल्याची खूण मिळाल्यावर. नुसत्या गाजर-काकडीवर ते फारसं हलत नाही. म्हणजे तेल इथे दोन कामं करतं, रंग विरघळवतं आणि पित्तरस बोलावतं.

अमेरिकेत आयोवामध्ये 2004 साली याची थेट परीक्षा झाली. त्याच माणसांना पालक, टोमॅटो, गाजराचं तेच सॅलड तीन तऱ्हेने दिलं: बिनतेलाचं, 6 ग्रॅम तेलाचं आणि 28 ग्रॅम तेलाचं. मग कित्येक तास त्यांचं रक्त तपासत राहिले. बिनतेलाच्या वेळी रक्तात हे रंग, म्हणजे कॅरोटीनॉइड, जवळपास दिसलेच नाहीत. 6 ग्रॅमला दिसले, 28 ला आणखी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दुपारचं तेल सातपर्यंत पुढे निघून गेलेलं असतं. एकाच जेवणात असेल तर तेल भाजीत आहे की कोशिंबिरीत याने बिघडत नाही, पोटात सगळं एकत्रच होतं. पण तुमच्या सासऱ्यांचं सॅलड एकटंच जातंय, खोट तिथे आहे. दूधही साय काढलेलं आणि तेही उशिरा.

मांजलपूरकर
म्हणजे मी बरोबरच म्हणालो.

निवृत्त_मास्तरीण
तेल घाला एवढं बरोबर. ऑलिव्हच हवं असं काही नाही, सिंगतेलानेही हे काम होतं. आणि शिजवल्याने लायकोपीन तयार होत नाही. टोमॅटोत जेवढं आहे तेवढंच राहतं, फक्त सुटं होतं. कच्च्या टोमॅटोत ते पेशींच्या आत बारीक स्फटिकांच्या रूपात अडकलेलं असतं. दातांनी कितीही चावलं तरी बऱ्याच पेशी शाबूत राहतात. उष्णतेने त्यांच्या भिंती मऊ होऊन फुटतात. शिवाय काही लायकोपीनची सरळ साखळी तापल्यावर वाकते, आणि वाकलेलं रूप शरीर जास्त सहज उचलतं.

अ जीवनसत्त्वाचंही तसंच. ते गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून होतं, लायकोपीनपासून होत नाही. आपल्याकडे थंडीत खंडेराव मार्केटात येतात त्या लाल गाजरांत दोन्ही असतात, ती गोष्ट निराळी.

अलकापुरी_पेन्शनर
माझं पित्ताशय तीन वर्षांपूर्वी काढलं. मग माझ्या पोटात हे रंग शिरतच नाहीत की काय? आणि टोमॅटोने मुतखडा होतो म्हणतात त्याचं काय?

निवृत्त_मास्तरीण
पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशय ही फक्त त्याची साठवण. ते काढल्यावर पित्तरस थोडा थोडा सतत आतड्यात येत राहतो. बहुतेकांना साधं जेवण नीट पचतं, पण एकदम खूप तेल सोसत नाही, म्हणून थोडं थोडं विभागून घ्या. मुतखड्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, खडा कशाचा आहे हे कळल्याशिवाय मी बोलणार नाही.

दांडियाबाजारची_सून
काकू, खूप आभार. मग नेमकं किती तेल? सासऱ्यांना 28 ग्रॅम सांगितलं तर ते ताटावरून उठून जातील.

निवृत्त_मास्तरीण
तेवढं कोण सांगतंय. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, प्रयोगातल्या मधल्या सॅलडच्या जवळ. डॉक्टरांनी दिलेले तीन चमचे तीनच ठेवा, फक्त दुपारचा एक चमचा रात्रीकडे न्या. दुपारी दोन चमच्यांत डाळ-भाजी होते, फोडणी एकदाच करून दोन्हींत वाटा.

त्या एका चमच्यात मोहरी-हिंग तडतडवून किसलेल्या गाजरावर ओता. किंवा आपला संभारो करा: गाजर-कोबी-मिरची त्याच चमच्यात दोन-तीन मिनिटं परतायची, कचकचीत राहील इतपतच. गाठ्यांबरोबर आपण चवीला खातो, पण गाजरासाठी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. गाजराच्या पेशीही टणकच, जरा गरम झाल्या की सैल होतात. काकडीत हे रंग नगण्यच, तिच्यावर तेल खर्चू नका.

फोडणी नकोच असेल तर शेंगदाण्याचं कूट. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. पोह्याचा एक भरलेला चमचा कूट म्हणजे आठ-दहा ग्रॅम, त्यात चार-पाच ग्रॅम तेल आलंच. "आमच्या कोशिंबिरीत तेल नाही" म्हणणारे बरेचजण कूट मोजतच नाहीत. फक्त मग फोडणी आणि कूट दोन्ही घालून वर "एकच चमचा" म्हणू नका.

मांजलपूरकर
पण एक चमचा पुरेसा असेलच कशावरून? तुम्हीच म्हणता 28 ग्रॅमला आणखी दिसलं.

निवृत्त_मास्तरीण
रास्त शंका आहे. जास्त तेलाने शोषण वाढतं हे खरंच. नेमका किती ग्रॅमला पुरेसं म्हणायचं याबद्दल सगळे प्रयोग एकच सांगत नाहीत. माणसामाणसांत फरकही पुष्कळ पडतो, तेच जेवण दोघांना दिलं तर एकाच्या रक्तात दुसऱ्याच्या कितीतरी पट दिसतं. पण शून्यावरून एका चमच्यावर येणं आणि एकावरून सहावर जाणं ही सारखी पायरी नाही. ज्यांचं तेल डॉक्टरांनी बांधलंय त्यांनी पहिली पायरी घ्यावी, दुसरीच्या वाटेला जाऊ नये.

दांडियाबाजारची_सून
आणि सार?

निवृत्त_मास्तरीण
तुमच्या साराच्या दोन गोष्टी मला खटकतात. लायकोपीन सालीत आणि सालीलगत जास्त असतं, आणि तुम्ही गाळून नेमकं तेच टाकता. मिक्सरमध्ये सालीसकट अगदी बारीक फिरवा, गाळायची गरज राहणार नाही. दुसरं, त्यात तेल नाही. उष्णतेने लायकोपीन सुटं झालं तरी त्याला विरघळायला काही हवंच.

जर्मनीतला 1997 चा एक प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. ताजे टोमॅटो आणि टोमॅटोची पेस्ट, दोन्हींतून सारखंच लायकोपीन आणि दोन्ही वेळा सारखंच 15 ग्रॅम मक्याचं तेल. तेल सारखं असूनही पेस्टच्या वेळी रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे अडीच पट होती. म्हणजे हा फरक तेलाचा नव्हता, प्रक्रियेचा होता. तेल आणि ताप दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

दोन मध्यम लालबुंद टोमॅटो चिरा, रात्रीच्या त्याच एका चमचा तेलाच्या फोडणीवर टाका, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं, मग चेचा. कडेने लाल तेल सुटलं की समजायचं काम झालं, तो तेलाचा लाल रंग म्हणजेच सुटं झालेलं लायकोपीन. सेव-टमेटाच्या डब्याला जो नारिंगी डाग बसतो आणि साबणाने हटत नाही, तोही हाच. तासभर आटवायची गरज नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 2002 साली 88 अंशांवर टोमॅटो तापवून पाहिले, तर पंधरा मिनिटांनंतर आणखी पंधरा मिनिटं दिल्याने सुट्या लायकोपीनमध्ये काही भर पडली नाही. क जीवनसत्त्व मात्र तेवढ्यात आणखी उतरलं, अर्ध्या तासाला जवळपास तीस टक्के गेलं. ते तुमच्या लिंबाने भरून निघेल, पण लिंबू उतरवल्यावर पिळा.

हे जास्तीचं लायकोपीन रक्तात गेल्यावर हृदयाला नेमका किती फायदा करतं, यावर अजून एकमत नाही. कोलेस्ट्रॉलचं औषध म्हणून टोमॅटोकडे बघू नका.

दांडियाबाजारची_सून
एक चमचा दुपारहून रात्रीकडे न्यायला सासरे तयार झाले, "बेरीज तीच ना?" एवढंच विचारलं. साल न गाळायला सासूबाई तयार नाहीत, सार घशाला लागतं म्हणतात. मिक्सर जरा जास्त फिरवून बघते.

फतेगंजचा_भाऊ
कलिंगडातही लायकोपीन असतं ना? मग आता कलिंगडालाही फोडणी द्यायची का? 😄

निवृत्त_मास्तरीण
शिजवायची गरज नाही भाऊ. कलिंगडाच्या रसातलं लायकोपीन न तापवताही तापवलेल्या टोमॅटो रसाइतकंच रक्तात दिसलेलं आहे. फक्त रिकाम्या पोटी नुसतं कलिंगड खाण्यापेक्षा जेवणाबरोबर खा.