विषय: पाळीत गुठळ्या जातात, रंगही काळपट. कोणाला दाखवू?

वृषाली, रेडिंग

नमस्कार मंडळी,

ही यादी सगळ्यांची आहे आणि पुरुषही वाचतात हे ठाऊक आहे, तरी लिहिते. माझं वय 46. सात-आठ महिन्यांपासून पाळी बदलली आहे. पहिल्या दिवशी चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लालभडक आणि सोबत गाठी. करवंदाएवढ्या, कधी चांगल्या जांभळाएवढ्या, हाताला घट्ट लागणाऱ्या. शेवटी पुन्हा काळपट. गेल्या मंगळवारी ऑफिसात मीटिंग संपवून उठले तर खुर्चीला डाग. दोन पॅड एकावर एक लावूनही! स्वेटर कमरेला बांधून घरी आले.

पुण्याहून आई म्हणते, पाळी जायच्या वयात असंच होतं, तिचंही झालं होतं. फोनवर रंगांचे तक्ते बघितले, त्यात काळा रंग सगळ्यात वाईट दाखवलाय. नक्की कुठल्या रंगाला घाबरायचं?

शैलाकाकू, हॅरो

अगं वृषाली, काळं म्हणजे जुनं रक्त, आत साचून राहिलेलं. ते बाहेर पडतंय ते चांगलंच आहे, अडवू नकोस. पण तुझ्या पिशवीला गाठी आहेत असं लिहिलंयस, त्या काही औषधांनी जात नाहीत. माझी पिशवी 41व्या वर्षी साताऱ्याला काढली, तेव्हापासून निवांत आहे. दिवाळीला जाशील तेव्हा तिकडेच उरकून ये. तोवर अळिवाचे लाडू खा, अंगात उष्णता असेल तर सब्जा घे.

माधुरीताई, बर्मिंगहॅम

वृषाली, मी आधी कोल्हापुरात आणि मग इथे मिळून तीस वर्षं स्त्रीरोग विभागात काढली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुला न तपासता निदान करणार नाही, पण तू प्रश्न रंगाचा विचारलास आणि उत्तर दुसरीकडे आहे.

काकू रंगाबद्दल बरोबर बोलल्या. रक्त सावकाश उतरलं की हवेशी संबंध येऊन तपकिरी, काळपट होतं. धो-धो आलं की लाल दिसतं. म्हणून पहिल्या-शेवटच्या दिवशी काळपट आणि मधे लाल, हे निरोगी बाईचंही असतं. फक्त ते "साचलेलं घाण रक्त" नव्हे. तेच रक्त, उशिरा आलेलं. रंगावरून मी आजवर फारसं काही ठरवलेलं नाही. करडा, पिवळट स्राव, दुर्गंधी आणि सोबत ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर मात्र जंतुसंसर्ग बघावा लागतो. तिथेही वास आणि ताप जास्त सांगतात.

तुझ्या पत्रात मला खटकली ती जांभळाएवढी गुठळी. इथे शब्दाचा घोळ झालाय, काकू. वृषाली ज्याला गाठी म्हणते त्या रक्ताच्या गुठळ्या. तुम्ही म्हणता त्या गाठी म्हणजे फायब्रॉइड, पिशवीच्या स्नायूत वाढणाऱ्या. दोन्ही एकत्र असू शकतात, पण एकीवरून दुसरी आहेच असं म्हणता येत नाही.

गुठळ्या होतात कशा? पिशवीचं अस्तर सुटताना शरीर तिथेच रक्त पातळ ठेवणारी द्रव्यं सोडतं, म्हणून पाळीचं रक्त सहसा गोठत नाही. रक्त फार वेगाने आलं की ती द्रव्यं पुरी पडत नाहीत आणि योनीत पोचेपर्यंत रक्त गोठतं. बोराच्या बीएवढ्या चार-दोन गुठळ्या दुसऱ्या दिवशी पडल्या तर मी लक्ष देत नाही. इथल्या 10 पेन्सच्या नाण्याहून, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटरहून मोठ्या, दर महिन्याला पडायला लागल्या तर दाखवायचं. मोठी गुठळी म्हणजे रक्त जास्त जातंय एवढाच निरोप. का जातंय ते शोधावं लागतं.

आणि "वयामुळे होतंच" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! चाळिशीनंतर पाळी मागे-पुढे होते, खरं आहे. पण पंचेचाळिशीनंतर पाळीचं मान बदललं तर आम्ही अस्तराचा तुकडा तपासायचा विचार जास्त लवकर करतो, कमी नाही.

मला एक सांग: मागच्या वर्षी गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्यास का? त्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि ती एखादी जास्त जाऊ शकते. तांबी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, थायरॉइड, काही आहे का?

नेहा, स्लाउ

वृषालीताई, मी 27ची आहे, कप वापरते. मलाही वाटायचं की खूप जातं. पण कपावर मिलिलिटरच्या रेघा असतात, दोन महिने लिहून ठेवलं तर सगळ्या पाळीत मिळून 35 मिली भरलं. पाण्यात पसरलं की थोडं रक्तही भयंकर दिसतं. तुमचंही तसंच असेल, काळजी करू नका.

माधुरीताई

नेहा, मोजलंस हे फार छान केलंस, आणि 35 मिली अगदी सर्वसाधारण आहे. पण तुझ्या मापावरून तिला निश्चिंत करू नकोस. तुझी खुर्ची खराब झाली नाही, तिची झाली.

वृषाली, तू पॅड वापरतेस, तर असं कर. 1990 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक साधा तक्ता काढला, तो अजून वापरात आहे. पॅडवर जेमतेम डाग असेल तर 1 गुण, मध्यम भरलं तर 5, पूर्ण भिजलं तर 20. एक पेनीएवढी गुठळी 1, पन्नास पेन्सएवढी 5. पन्नास पेन्स म्हणजे साधारण आपलं दहा रुपयांचं नाणं. बेरीज 100च्या वर गेली तर रक्त साधारण 80 मिलीच्या वर जातंय असं धरतात. तक्ता चुकतोही, एका बाईचं "मध्यम" दुसरीचं "पूर्ण" असतं. पण डॉक्टरसमोर नुसतं "खूप जातं" म्हणण्यापेक्षा कागद ठेवलेला बरा.

मात्र कागद भरायला थांबायचं नाही अशा वेळाही आहेत. तासाला एक पॅड भिजतंय, असं दोन तास चाललंय आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तर थेट इमर्जन्सी. पाळी चुकली असेल आणि मग रक्त येऊन एका बाजूला जोरात दुखत असेल किंवा खांद्यात कळ येत असेल, तर तेव्हाच. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

समीर, मिल्टन कीन्स

माधुरीताई, विषय रंगाचा आहे म्हणून विचारतो. आई तीन महिन्यांसाठी आली आहे, वय 63. गेल्या आठवड्यात दोन दिवस फिकट गुलाबी डाग दिसले. बायकोला म्हणाली, "पाळी परत आली बहुतेक." आता काहीच नाही. फिकट रंग म्हणजे काळजीचं नाही ना?

माधुरीताई

समीर, तुमच्या आईंचं प्रकरण वृषालीहून वेगळं आहे आणि जास्त निकडीचं आहे. पाळी जाऊन एक वर्ष उलटलं की नंतर दिसलेला कुठलाही डाग, गुलाबी असो, तपकिरी असो, एकदाच दिसलेला असो, दाखवायचाच. बहुतेक वेळा कोरडेपणामुळे नाजूक झालेली त्वचा किंवा छोटा पॉलिप निघतो. पण पिशवीच्या अस्तराचा कर्करोगही पहिल्यांदा असाच कळतो, आणि तेव्हा सापडला तर उपचार सोपे असतात. या आठवड्यातच जीपीला फोन करा. पाहुण्यांना इथे जीपीला भेटायला पैसे पडत नाहीत, पुढे हॉस्पिटलात पडतात, तेव्हा विम्याचे कागद काढून ठेवा. आईंना सांगा, पाळी परत येत नसते.

वृषाली

गणपतीच्या गोळ्या घेतल्या होत्या, पण त्रास त्याच्या आधीपासून आहे. तांबी नाही, दुसरं औषध नाही.

या पाळीचा हिशोब असा: पहिल्या दिवशी मध्यम पॅड 4, म्हणजे 20. दुसऱ्या दिवशी पूर्ण भिजलेले 6 आणि मोठ्या गुठळ्या 3, म्हणजे 135. तिसऱ्या दिवशी पूर्ण 4 आणि गुठळ्या 2, म्हणजे 90. चौथ्या दिवशी मध्यम 3, म्हणजे 15. मग आठव्या दिवसापर्यंत रोज दोन डाग, 8. एकूण 268. स्वयंपाकघरात कागदावर लिहून दोनदा बेरीज केली. जिना चढताना धाप लागते ती वजनामुळे असं मी समजत होते.

शैलाकाकू

बाई गं! जा हो लवकर. मला वाटलं नव्हतं इतकं जात असेल.

वृषाली (पाच आठवड्यांनंतर)

सगळ्यांना कळवते. जीपीने कागद बघितला आणि त्याच दिवशी रक्त काढायला लावलं. हिमोग्लोबिन 98 आलं. बघून मला वाटलं शंभराला दोनच कमी, बरंच की! इथे माप वेगळं आहे, आपल्याकडचं ते 9.8, आणि हवं 12. सोनोग्राफीत पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. लोहाची गोळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा तासभर दूर ठेवायचा, हे सगळ्यात अवघड. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका म्हणाले. पाळीच्या दिवसांत घ्यायला ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड दिलंय.

आता दुर्बिणीने आत बघून गाठ खरवडून काढायची आणि अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचा, असं ठरतंय. तारीख आलेली नाही. हॉर्मोनच्या तांबीचंही सुचवलंय. आई म्हणते, कशाला, पिशवीच काढ. माझं ठरत नाहीये.

माधुरीताई

इतकी आत आलेली छोटी गाठ मोठी गुठळी पाडते, आणि दुर्बिणीने सहसा निघते, पोट न कापता. तांबीचं गाठ निघाल्यावर, तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्यावर ठरव. आधी नको. पिशवी काढणं हा कधीतरी योग्य उपाय असतो, काकूंच्या बाबतीत होताही असेल. पण तो पहिला उपाय नसतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या तरुणपणीच पिशव्या काढल्या गेल्याचं 2019 साली गाजलं, तेव्हापासून "उरकून ये" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. काकू, राग मानू नका.

लोह हिमोग्लोबिन 12 झाल्यावरही तीन महिने चालू ठेवायचं, साठा भरायला. तारीख आली की कळव.

समीर, आईंचं काय झालं?