पालकांना हजेरी-फीची शीट वाचता यावी म्हणून छोटा मेसेज कसा लिहू?

भूमिती_सांगली
मी सांगलीत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. यंदा जूनपासून हजेरी आणि फी गूगल शीटमध्ये ठेवते आणि लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. पालकांना शीट फक्त बघता येते, बदलता येत नाही.

सोबतचा मेसेज एवढाच होता: "पालकांनी शीट पाहून हजेरी व फी तपासावी, ही विनंती." त्यानंतर फोन सुरू झाले. रिकामी चौकट म्हणजे गैरहजर का? पैसे पाठवलेत तरी बाकी कशी? एका आईंचा प्रश्न होता की मागच्या आठवड्यात आमचे आठशे जादा दिसत होते, आता चारशे बाकी कुठून आली?

सगळ्यांना एकाच वाचनात कळेल असा मेसेज हवा आहे. कुणी लिहिला असेल तर दाखवाल का?

फळा_आणि_खडू
मॅडम, यासाठी हजेरीची तयार ॲप मिळतात. मूल आलं की पालकांना आपोआप निरोप जातो. शीट लिहीत बसू नका.

भूमिती_सांगली
सर, शीट बदलायची नाहीये. बऱ्याच घरांत एकच फोन आहे, त्यात आणखी एक ॲप घ्या असं सांगवत नाही. अडचण मेसेजची आहे.

हिशेबनीस
मी एका क्लासचं फीचं काम बघतो. आधी त्या आठशे-चारशेचं पाहू, कारण मेसेजचा निम्मा भाग त्यातूनच निघेल. फी किती आणि कधी जमा झाली?

भूमिती_सांगली
महिना 1,200. त्यांनी जूनमध्ये 1,200 दिले आणि 12 जुलैला 2,000.

हिशेबनीस
म्हणजे जुलैअखेर देय 2,400 आणि जमा 3,200. बाकीच्या रकान्यात -800 दिसलं, म्हणजे आठशे आगाऊ. 1 ऑगस्टला ऑगस्टची फी चढली, देय 3,600 झालं, जमा तेवढंच राहिलं, म्हणून बाकी 400. हिशेब बरोबर आहे. त्या आईंना दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या: महिन्याची फी 1 तारखेलाच देयमध्ये चढते, आणि आकड्यापुढे उणे चिन्ह असेल तर पैसे तुमचे जमा आहेत. ही दोन वाक्यं मेसेजमध्ये हवीतच.

तिसरी गोष्ट तारखेची. यूपीआयने पैसे आले म्हणून शीट आपोआप बदलत नाही, तुम्ही नोंद कराल तेव्हा बदलते. शीटच्या अगदी वर "नोंद या तारखेपर्यंत" अशी एक चौकट ठेवा आणि नोंद केली की ती तारीख बदला. शनिवारी रात्री पैसे पाठवणारे पालक रविवारी बाकी बघून घाबरणार नाहीत.

आता एक विचारतो. सगळ्यांची फी एकाच शीटवर आहे का?

भूमिती_सांगली
हो. नावासमोर हजेरी, त्यापुढे फी.

कोकणातला_क्लास
मग फीचे रकाने हाइड करा. बघणाऱ्याला ते उघडता येत नाहीत, काम झालं.

हिशेबनीस
त्या शीटमध्ये उघडता येत नाहीत, हे खरं. पण बघणाऱ्याला फाइलची स्वतःची प्रत काढता येते आणि त्या प्रतीत लपवलेले रकाने उघडतात. शेअरच्या सेटिंगमध्ये प्रत, छपाई आणि डाउनलोड बंद करता येतं, तरी स्क्रीनचा फोटो कोण अडवणार? आणि फीचे रकाने लपवले तर पालकांनी फी बघायची कुठे?

माझ्या मते हजेरीची शीट ग्रुपवर चालेल, पण नावाऐवजी रोल नंबर घाला. फीची फाइल प्रत्येक मुलाची वेगळी करा आणि लिंक त्याच पालकांना खाजगी पाठवा. लिंक पुढे गेली तर दुसऱ्यालाही उघडेल, पण त्यात एकाच घराचा हिशेब असेल.

दोन_पोरांची_आई
मी पालक म्हणून सांगते. आमच्या क्लासची शीट फोनवर उघडली की एक ते एकतीस तारखा दिसतात आणि एकूण हजेरी पार उजवीकडे. सरकवत गेलं की आपली ओळ कुठली तेच विसरायला होतं. शिवाय कधी कधी जूनचंच पान उघडतं. लिंक दाबल्यावर परवानगी मागणारा पडदाही एकदा आला होता. मी बटण दाबलं आणि वाट बघत बसले.

हिशेबनीस
ताई, तो `Request access` चा पडदा. फाइल `Restricted` राहिली असेल तर तो येतो, त्यात पालकांची चूक नसते. मॅडम, `General access` मध्ये `Anyone with the link` आणि `Viewer` आहे का, ते बघा. मग लिंक दुसऱ्याच कुणाच्या फोनवर उघडून पाहा. स्वतःच्या खात्यात ती उघडणारच, त्यावरून काही कळत नाही.

एकूण आकडे रोल नंबरच्या लगेच शेजारी आणा, तारखा त्यांच्या उजवीकडे जाऊ द्या. डावीकडचे हे अरुंद रकाने आणि वरची ओळ `Freeze` करा. नावाचा रुंद रकाना फ्रीज केला तर फोनचा अर्धा पडदा तोच खातो.

मोजणीसाठी हे सूत्र (ओळ 5, तारखा D पासून AH पर्यंत):

```
=COUNTIF(D5:AH5,"ह")
```

"ह" च्या पुढे चुकून स्पेस पडली तर ती हजेरी मोजली जात नाही, आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून हाताने टाइप करू नका, ड्रॉपडाउनमधून निवडा.

भूमिती_सांगली
फीच्या फाइल वेगळ्या करायला घेते. रोल नंबर आणि फीची लिंक प्रत्येकाला खाजगी पाठवेन. ग्रुपवरचा मेसेज असा जमेल का?

> नमस्कार पालकहो. हजेरीच्या शीटची लिंक खाली आहे. खालच्या पट्टीवर "ऑगस्ट" दाबा आणि आपल्या मुलाच्या रोल नंबरची ओळ बघा.
> ह = हजर, गै = गैरहजर. रिकामी चौकट म्हणजे त्या दिवशी तास नव्हता किंवा नोंद व्हायची आहे.
> "11 / 13" म्हणजे झालेल्या 13 तासांपैकी 11 ला हजर.
> फीची लिंक तुम्हाला वेगळी पाठवली आहे. महिन्याची फी 1 तारखेला देयमध्ये चढते. "बाकी" मध्ये 400 असेल तर 400 द्यायचे आहेत, -400 असेल तर तुमचे 400 आगाऊ जमा आहेत.
> वरची "नोंद या तारखेपर्यंत" ही तारीख आधी बघा. त्यानंतर दिलेले पैसे अजून दिसणार नाहीत.
> शीट फक्त बघण्यासाठी आहे. परवानगी मागणारा पडदा आला तर बटण न दाबता मला कळवा. आकडा चुकला असं वाटलं तर रोल नंबर आणि तारीख लिहून मला मेसेज करा.

हिशेबनीस
उत्तम. फक्त तारखेचं वाक्य नमस्कारानंतर लगेच घ्या. व्हॉट्सॲपवर लांब मेसेजचा खालचा भाग दुमडला जातो आणि बरेच जण तो उघडत नाहीत.

कोकणातला_क्लास
फी वेगळी ठेवायची कल्पना मला अजून पटत नाही. सगळ्यांना दिसते म्हणून आमच्याकडे वेळेवर येते.

दोन_पोरांची_आई
वेळेवर येत असेल, पण ज्या घरी महिना ओढून काढतात त्यांची बाकी शेजारच्यांनी का वाचायची? मुलंही वर्गात बोलतात.

मॅडम, माझी दोन्ही मुलं एकाच क्लासला आहेत आणि मी पैसे एकत्र पाठवते. अशा वेळी फाइल एक करायची की दोन?

हिशेबनीस
मी दोन ठेवतो आणि रक्कम कशी विभागली ते शेऱ्यात लिहितो. पण एकाची बाकी आणि दुसऱ्याचं आगाऊ दिसलं की फोन येतोच. याहून सोपं कुणी करत असेल तर सांगा.