मदत हवी आहे: भाववाढीचा फ्रेंच मेसेज कसा लिहू?
मी फ्रान्समध्ये ल्योंला घरगुती डबे देते, नेहमीची गिऱ्हाइकं बहुतेक फ्रेंचच. तेल, बासमती, गॅस सगळंच महागलं म्हणून 1 सप्टेंबरपासून 11 युरोचा डबा 12.50 ला करावा लागतोय. मेसेज 'व्हू' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही' वापरूनच लिहिलाय, आधी कारण, मग नवा भाव आणि तारीख, ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांना ते डबे संपेपर्यंत जुनाच भाव, शेवटी 'मेर्सी द व्होत्र फिदेलिते', म्हणजे कायम साथ दिल्याबद्दल आभार. पण माझी मैत्रीण म्हणते आकडा पहिल्याच ओळीत टाक, खाली टाकला तर लपवल्यासारखं वाटतं, मला मात्र ते फार तुटक वाटतंय. आणि माफी मागायची का नुसते आभार पुरे? इकडे फ्रान्समध्ये धंदा करणाऱ्यांनी प्लीज सांगा, इतकी जोडलेली माणसं दुखवायची नाहीयेत.