मलमलचा कुर्ता मुंढ्यात फसकला. आता वॉइल घेऊ की लॉन?

सुईदोरा: मदत हवी आहे. उन्हाळ्यासाठी मलमलचा कुर्ता शिवून घेतला, अगदी अंगाबरोबर. चौथ्या धुण्यानंतर पाठीकडून मुंढ्याच्या शिवणीजवळ कापड जाळीसारखं दिसायला लागलं. धागा एकही तुटलेला नाही, शिवणही उसवली नाही, नुसते धागे बाजूला सरकलेत. आता दुसरा कुर्ता शिवायचाय आणि आईला साडी घ्यायचीय. वॉइल, लॉन, केंब्रिक यातलं काय घेऊ?

पारिजात: काउंट विचारून घे. काउंट जितका जास्त तितकं कापड थंड. तुला हलकी मलमल दिली असणार.

उभाआडवा: काउंट जास्त म्हणजे धागा बारीक, एवढं खरं. पण बारीक धागा दाट विणला तर वारा अडतोच. आणि इथे काउंटचा दोष नाही. मलमलीच्या धाग्याला पीळ कमी आणि वीण विरळ, म्हणून ती मऊ लागते. हात पुढे केला की पाठीवर ताण येतो आणि त्याच सैल विणीतले धागे शिवणीपासून सरकतात.

वॉइलही विरळच, पण त्याच्या धाग्याला पीळ भरपूर. कडेचा एक धागा ओढून सैल सोड. वॉइलचा लगेच स्वतःभोवती वळतो, मलमलचा निमूट पडून राहतो. या पिळामुळे वॉइल जरा करकरीत राहतं, घामाने अंगाला कमी चिकटतं. तरी अंगाबरोबरच्या कुर्त्याला तेही नको, लॉन घे. धागा बारीक, वीण दाट, शिवण धरून ठेवते. दुकानातच कापड दोन अंगठ्यांत धरून आडवं ताणून बघ. सोडल्यावर फटी तशाच राहिल्या तर ते सैल कुर्त्यालाच बरं.

रानजाई: माझ्या मलमल साडीचा फॉल पहिल्याच धुण्यात गोळा झाला! कुणाला उपाय माहीत आहे का?

उभाआडवा: साडी आटली, फॉल आटला नाही. फॉल उसवून साडी धुऊन वाळवा, मग पुन्हा लावा. पुढच्या वेळी फॉल आणि साडी दोन्ही आधी भिजवून घ्या.

पारिजात: केंब्रिकचं कुणीच बोललं नाही. मला तर तेच आवडतं, अस्तर लागत नाही.

उभाआडवा: चांगलं दाट असेल तर नाही लागत. पण दाबून चकचकीत केलेलं असतं, कधी खळही भरलेली असते. कोपरा धुऊन बघितल्याशिवाय अस्तराचं ठरवू नका.

पारिजात: बरं. पण दमट हवेत मला वॉइलपेक्षा मलमलच बरी वाटते, घाम तरी टिपते.

उभाआडवा: टिपते आणि मग चिकटते. असो, ज्याचं त्याचं अंग.

सुईदोरा: आज दुकानात अंगठ्यांनी ताणून पाहिलं. लॉनवर रेघ उमटली नाही, ते घेतलं. वॉइलवर बारीक फटी राहिल्या, पण साडीला कुठे शिवण असते? आईला वॉइलच घेतली. फसकलेल्या कुर्त्याचं काही होईल का?

उभाआडवा: मुंढ्याला आतून पट्टी लावून बघ. मात्र मुळात तो अंगाला घट्ट असेल तर पट्टीच्या कडेला परत सरकेल.