मुलाखतीनंतरचा नकार : कारण सांगावं की नाही?

धागाकर्ता, दारव्हा तालुका
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत लेखापालाची एक जागा आहे. तिघांच्या दोनदा मुलाखती झाल्या, एका मुलीची निवड केली. आता दोघांना नाही म्हणायचंय. त्यातला एक आमच्याच सभासदाचा भाचा. कारण सांगितलं तर घरी येऊन वाद होईल, नाही सांगितलं तर 'आतून सेटिंग झाली' म्हणतील. काय करावं?

निवृत्त मास्तर, आर्वी
कारण सांगायलाच हवं. पोरगं एस.टी.चं भाडं भरून दोनदा आलं, रोजी बुडवून बसलं. चूक कळलीच नाही तर सुधारणार कशी? आणि न सांगता सोडलं की गावात संशय वाढतो, हे मी शाळेच्या भरतीत पाहिलंय.

जिनिंगमध्ये भरती पाहणारी, हिंगणघाट
मास्तर, तळमळ पटते, पण नकाराच्या फोनवर कारण सांगू नये. मी सुरुवातीला सांगायची. एका मुलाला म्हटलं, 'टॅलीत जीएसटीच्या नोंदी चुकल्या.' त्यानं उत्तर दिलं, 'मॅडम, आठ दिवसांत शिकतो, एक संधी द्या.' दुसऱ्याला अनुभव कमी म्हटलं, तर तो दुसऱ्या दिवशी वडिलांसोबत अनुभवाचा दाखला घेऊन दारात हजर. त्यांचं काही चुकलं नव्हतं. समोरच्याला कारण ही अट वाटते, अट पूर्ण केली की जागा मिळेल असं वाटतं. जागा तर भरलेली असते. आणि खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की दुसरी व्यक्ती या कामाला जास्त जुळली. त्यात या मुलानं सुधारावं असं काही नसतंही.

धागाकर्ते, आधी निवडलेल्या मुलीचा लेखी होकार घ्या. मग त्याच दिवशी दोघांना फोन करा, संध्याकाळी, ते घरी असताना. 'कसा आहेस, जेवण झालं का' असं सुरू करू नका, त्याला वाटतं नोकरी लागली. पहिल्याच वाक्यात निर्णय सांगा, मग गप्प राहा, त्याला बोलू द्या. नंतर तेच लिहून पाठवा, म्हणजे घरचे वाचतील आणि शब्द बदलणार नाहीत. मी असं लिहिते :

'नमस्कार. लेखापाल पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, त्यामुळे आपली निवड झालेली नाही. आपण दोन वेळा आलात, खतविक्रीचा हिशेब शांतपणे मांडलात, त्याबद्दल मनापासून आभार. निर्णय अंतिम आहे. आपली मूळ कागदपत्रं कार्यालयात असतील तर सोमवारपासून घेऊन जावीत.'

आभारातली गोष्ट खरी आणि त्याच मुलाची असावी. 'पुढच्या वेळी नक्की बघू' हे मनात नसेल तर लिहू नका. का म्हणून विचारलंच तर एकच उत्तर : 'तिघांना एकत्र पाहून निर्णय झाला, त्याच्या कारणांवर आम्ही कोणाशीच चर्चा करत नाही.' तिसऱ्यांदा विचारलं तरी शब्द तेच ठेवा. नवा शब्द आला की नवा वाद सुरू होतो.

कास्तकाराचा पोरगा, उमरखेड
मले तं कोनी नाही बी म्हटलं नव्हतं. 'कळवतो' म्हणे. दोन महिने वाट पाह्यली, त्या भरोशावर पुसदची दुकानातली नोकरी सोडली. मंग चहाच्या टपरीवर कळलं का तिथं मानूस लागला बी. कारण नका सांगू बाप्पा, पन नाही तं म्हना!

वाशिमचा सभासद
त्या पोरानं माहिती अधिकार टाकला तर? गुण दाखवावेच लागतील.

जिनिंगमध्ये भरती पाहणारी, हिंगणघाट
माहिती अधिकार सार्वजनिक प्राधिकरणांसाठी आहे. तुमची कंपनी त्यात बसते का, हे तिला सरकारी पैसा किती आणि कसा मिळतो यावरही ठरू शकतं, ते वकिलाला विचारा. पण मुलाखतीच्या दिवशीच प्रत्येकाची गुणपत्रिका भरून सही करून ठेवा. ती वाद घालायला नाही, तुमचा निर्णय सरळ होता हे तुम्हाला स्वतःला माहीत असावं म्हणून. उमरखेडच्या भावाचं दुःख अगदी खरं आहे. म्हणूनच दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार राखून ठेवायचा असेल तर त्याला तसं तारखेसकट सांगा : 'निवडलेली व्यक्ती 15 तारखेपर्यंत रुजू झाली नाही तर फोन करीन, तोवर दुसरी नोकरी मिळाली तर घ्या.'

निवृत्त मास्तर, आर्वी
मग शिकायची इच्छा असलेल्या पोरानं करायचं काय?

जिनिंगमध्ये भरती पाहणारी, हिंगणघाट
दोन-तीन आठवड्यांनी त्यानं स्वतः विचारलं तर लेखी चाचणीपुरतं सांगते, कुठली नोंद कशी हवी होती ते. तेव्हा जागेचा विषय संपलेला असतो. स्वभाव, बोलणं, इंग्रजी यावर बोलत नाही. तुमचा मुद्दा तिथे मला मान्य आहे.

धागाकर्ता, दारव्हा तालुका
फोन मी करतो. पण मुलाखतीला पाच संचालक होते आणि एकानं त्या मामाला आधीच सांगून टाकलं की पोराचं बोलणं कच्चं पडलं. आता माझ्या 'चर्चा करत नाही'ला काय अर्थ?

जिनिंगमध्ये भरती पाहणारी, हिंगणघाट
हे अवघड झालं. आजच पाचही जणांना एक वाक्य ठरवून द्या. मामाशी त्या संचालकानंच बोलावं की अध्यक्षांनी, हे मला इथून सांगता येत नाही. मुलाला मात्र आज संध्याकाळीच फोन करा, मामाकडून कळायच्या आत.

वाशिमचा सभासद
मामा आमसभेत उठणारच. तिथंही तेच वाक्य चालेल?