मदत हवी आहे: २ टीबीच्या पेन ड्राईव्हवर जत्रेतल्या नाटकांच्या फाइली दिसतात, पण उघडत नाहीत

सुलभा_फोंडा
आमच्या गावच्या जत्रेत दोन रात्री झालेल्या नाटकांचं चित्रीकरण कॅमेऱ्यातून २ टीबीच्या पेन ड्राईव्हवर उतरवलं. ड्राईव्ह बाजारातल्या एका गाळ्यावर ७०० रुपयांना मिळाला. एकूण २१ फाइली, प्रत्येक जवळजवळ ४ जीबीची (कॅमेरा ४ जीबीला फाइल तोडतो). पहिल्या ७ नीट चालतात. आठवीपासून एकही उघडत नाही, पण सगळ्यांची नावं आणि आकार बरोबर दिसतात. कॉपी करताना काहीच त्रुटी आली नव्हती. विंडोज ड्राईव्हचा आकार १.९५ टीबी दाखवतं. कॅमेऱ्याचं कार्ड नंतर फॉरमॅट केलं. लॅपटॉप विंडोजचा आहे. नाटकं परत मिळतील का?

डिचोलीचा_राजू
व्हायरस असणार. कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा, E च्या जागी तुमच्या ड्राईव्हचं अक्षर:

```
attrib -h -r -s /s /d E:\*.*
```

आणि आकाराचं म्हणाल तर खऱ्या ड्राईव्हलाही थोडी जागा कमीच दिसते, त्यामुळे १.९५ ठीक आहे. जमलं नाही तर फुल फॉरमॅट मारा, खराब सेक्टर बाजूला पडतील.

सत्तरीकर
सुलभाताई, फॉरमॅट अजिबात नको आणि ड्राईव्हवर नवीन काही लिहूही नका.

राजूभाऊ, attrib लपलेल्या फाइली दाखवतं, इथे तर फाइली दिसतच आहेत. जागा कमी दिसते हे खरं, पण किती कमी ते बघा. कंपनी २ टीबी म्हणजे २०,००,००,००,००,००० बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून खरा २ टीबीचा ड्राईव्ह १.८१ टीबी दिसतो. १.९५ दिसणं हीच पहिली शंका.

ताईंच्या आकड्यांवरून अंदाज बांधता येतो. सात फाइली म्हणजे २८ जीबी झाले आणि आठवी मध्येच अडली. ३२ जीबीच्या खऱ्या ड्राईव्हवर साधारण २९ जीबी मिळतात, तेव्हा आत बहुधा ३२ जीबीचीच चिप आहे आणि ड्राईव्ह चालवणाऱ्या कंट्रोलरला २ टीबी सांगायला शिकवलेलं आहे. फाइलींच्या नावांची आणि आकारांची यादी ड्राईव्हच्या सुरुवातीच्या भागात असते, तो भाग खरा, म्हणून यादी शाबूत. २९ जीबीच्या पुढचं जे पाठवलं त्याला कंट्रोलर "लिहिलं" असं उत्तर देतो आणि ते टाकून देतो. कॉपी करताना त्रुटी आली नाही ती यामुळे. फुल फॉरमॅटलाही तो तसंच खोटं उत्तर देणार, शिवाय चांगल्या सात फाइलीही जातील.

आता क्रमाने:

आधी त्या ७ फाइली लॅपटॉपवर उतरवा. आठवीही घ्या, वाचताना त्रुटी आली तर येईल तेवढी. मग फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या HxD मध्ये आठवी आणि नववी उघडून अगदी वरची ओळ बघा. चांगल्या एमपी४ फाइलीत तिथे ftyp ही अक्षरं दिसतात. नववीत नुसती 00 किंवा FF ची रांग असेल तर तिथे कधी काही लिहिलंच गेलं नाही, आणि त्या ड्राईव्हमधून कुठलंही सॉफ्टवेअर ती काढू शकणार नाही. आठवीत वर ftyp असेल पण शेवट रिकामा असेल. बहुतेक कॅमेरे चित्रांची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी लिहितात. ती गेली की आतलं सव्वा जीबी चित्रण असूनही प्लेअर फाइल उघडत नाही. त्यासाठी untrunc आहे: त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते, ती तुमच्याकडे आहेच.

पण खरी आशा कॅमेऱ्याच्या कार्डावर. फॉरमॅट केल्यावर त्यावर पुन्हा चित्रण केलंय का?

सुलभा_फोंडा
एका बारशाचं अर्ध्या तासाचं केलं, बस.

सत्तरीकर
मग कार्ड काढा, बाजूचा खटका लॉककडे सरकवा आणि कार्ड रीडरमधून पुसलेल्या फाइली शोधणारं PhotoRec चालवा. मिळालेल्या फाइली लॅपटॉपवरच साठवायच्या, कार्डावर नाही. बारशाने व्यापली तेवढी जागा गेली असं समजा. काही कॅमेरे फॉरमॅट करताना कार्ड पूर्ण पुसतात, तसं असेल तर काही मिळणार नाही.

मडगावची_अनघा
माझ्या गाडीच्या डॅशकॅमचं २५६ जीबीचं कार्ड चार दिवसांपूर्वीचं काहीच दाखवत नाही. तेही नकलीच ना?

सत्तरीकर
अनघाताई, तेवढ्यावरून सांगता येत नाही. डॅशकॅम जुनं पुसूनच नवं लिहितो. कार्डाचा आकार तपासावा लागेल, पद्धत तीच, खाली लिहितो.

तपासणी फाइली वाचवून झाल्यावरच करायची, कारण तिच्यासाठी ड्राईव्ह रिकामा लागतो. क्विक फॉरमॅट करून H2testw चालवा. ते खुणेचा मजकूर लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. पूर्ण २ टीबी लिहायला सेकंदाला ८ एमबीच्या वेगाने तीन दिवस लागतील. म्हणून "all available space" ऐवजी मेगाबाइटच्या चौकटीत ५०००० घाला. लिहायला दोनेक तास, वाचायला त्याहून कमी. अंदाज ३२ चा आहे, म्हणून एवढं पुरतं. अनघाताई, तुमच्या कार्डाला मात्र पूर्ण जागाच तपासा. पावसात वीज जाते म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरून ठेवा आणि स्लीप बंद करा.

वास्को_लिनक्सवाला
लिनक्सवर हे काही मिनिटांत होतं:

```
sudo apt install f3
lsblk
sudo f3probe --destructive --time-ops /dev/sdX
```

sdX च्या जागी lsblk मध्ये आकार बघून पेन ड्राईव्हचंच नाव घाला. चुकून लॅपटॉपची डिस्क दिली तर तिच्यावरचा डेटा जाईल. उत्तरात limbo आलं तर पुढचं लिखाण टाकून दिलं जातं. wraparound असेल तर पुढचं लिखाण फिरून सुरुवातीवर येतं, आणि मग जुन्याच फाइली आधी बिघडतात. ताईंच्या पहिल्या सात शाबूत आहेत म्हणजे limbo वाटतो.

सुलभा_फोंडा
नववीत सगळी 00. आठवीत वर ftyp आहे. H2testw ने हे दिलं:

```
The media is likely to be defective.
29.2 GByte OK (61341695 sectors)
```

त्याखाली १९.५ जीबी DATA LOST. untrunc ने आठवीत जेवढं चित्रण होतं त्यातलं साधारण दीडशे मेगाबाइट सोडून बाकी परत मिळालं, पण आवाज चित्राच्या पुढे पळतो. PhotoRec अजून चालू आहे, आतापर्यंत नऊ फाइली, त्यातल्या सहा चालतात. हा ड्राईव्ह २९ जीबीचा म्हणून वापरता येईल का?

सत्तरीकर
येईल, पण भजनं ऐकायला वगैरे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आताचा व्हॉल्यूम काढून २८००० एमबीचा नवा करा आणि उरलेली जागा तशीच सोडा. कुणी पुढे तो भाग काढून पूर्ण जागा फॉरमॅट केली की पुन्हा २ टीबीचं सोंग येईल, म्हणून ड्राईव्हवर पक्क्या शाईने "२८" लिहून ठेवा. अशा ड्राईव्हमध्ये चिपही पुष्कळदा हलक्या प्रतीची असते, एकमेव प्रत तिथे नको.

निकालाचा स्क्रीनशॉट काढून गाळ्यावर परत मागा. बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार घेतात.

आवाज पळतो तो बहुधा नमुन्याची फाइल वेगळ्या सेटिंगची असल्यामुळे. त्याच रात्रीची, आठवीच्या लगतची सातवी नमुना देऊन बघा. त्यानेही जुळलं नाही तर आवाज वेगळा काढून हाताने सरकवावा लागेल.

मडगावची_अनघा
माझ्या कार्डाची पहिली १०० जीबी ठीक, पुढे अधूनमधून चुका, पण सलग नाहीत. हे नकली की खराब?

वास्को_लिनक्सवाला
नकलीत एका जागेपुढे सगळंच जातं, तुरळक चुका जास्त करून झिजलेल्या कार्डाच्या. पण रीडर सैल असला तरी असंच दिसतं. दुसऱ्या रीडरवर एकदा f3write आणि f3read करा, शेवटी corrupted, changed आणि overwritten समोर किती आकडे येतात ते इथे टाका.