डब्याच्या रीलची पहिली ओळ

«सांगलीत विश्रामबागेत डबे सुरू केलेत. रीलची सुरुवात ‘नमस्कार, घेऊन आलोय घरगुती चवीचा डबा’ अशी आहे. लोक लगेच पुढं सरकतात. काय बदलू?»

‘घरगुती चव’ सगळेच म्हणतात हो. चव सोडा, गिऱ्हाइकाची अडचणीची वेळ पकडा. तुमच्याकडं वालचंद, विलिंग्डन कॉलेजची पोरं आहेत आणि बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. मग ओळ अशी: ‘रविवार रात्र. मेस बंद. परत वडापाव?’ सहाच शब्द. मोबाईलवर वेळ लावून मोठ्यानं म्हणून बघा. तीन सेकंदांपुढं गेली तर छाटा. नमस्कार आणि सेवेचं नाव शेवटी.

हीच ओळ पडद्यावर मोठ्या अक्षरांत, मधोमध टाका. काही पोरं आवाज बंद ठेवून बघतात आणि खालचा भाग कॅप्शनखाली झाकला जातो. लगेच पुढचा शॉट झाकण उघडण्याचा, वाफेसकट. (रविवारी रात्री डबा देत नसाल तर ही ओळ वापरू नका, कमेंटमध्ये सोलतील.)

मिरजेत दवाखान्यात थांबलेल्या नातेवाइकांसाठी वेगळी रील करा: ‘पेशंटला बिनतिखट जेवण कुठून आणायचं?’ दोन्ही गिऱ्हाइकं एका ओळीत कोंबली की कुणालाच ती आपली वाटत नाही.

तरीही सुरुवातीलाच गळती दिसली, तर बाकी रील तशीच ठेवून फक्त पहिली ओळ बदला.